परिच्छेदात विश्लेषण कुठं गळतं? विधान, पुरावा, विश्लेषण आणि जोड, एकेक पायरी

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरल्यापासून आमच्या लातूरच्या अभ्यासिकेतली पोरंपोरी उत्तरं लिहून माझ्याकडं तपासायला आणायलेत. अक्षर चांगलं, माहिती भरपूर, तारखा पाठ. पण परिच्छेद वाचून संपला की मनात एकच येतं, मग काय? म्हणजे हे सगळं खरं आहे, पण तुला यातून म्हणायचं काय आहे आणि ते यातून कसं निघतं?

परिच्छेदाचे चार भाग सगळ्यांना सांगता येतात. पहिलं विधान, म्हणजे ज्याला क्लासमध्ये टॉपिक सेंटेन्स म्हणतात ते. मग पुरावा. मग विश्लेषण. आणि शेवटी जोड, म्हणजे पुढच्या परिच्छेदाकडं किंवा मूळ प्रश्नाकडं नेणारं वाक्य. कागदावर मात्र तिसरा भाग नसतो, आणि लिहिणाऱ्याला तो नाही हे दिसतही नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ.

प्रश्न असा धरा: किल्लारी भूकंपातल्या जीवितहानीच्या कारणांचं विश्लेषण करा. आणि एका पोरानं लिहिलेला परिच्छेद असा:

"३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. त्याची क्षमता ६.२ इतकी होती. या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. येथील घरे दगड-मातीची होती. यावरून घरबांधणीचे महत्त्व लक्षात येते."

एकही वाक्य चूक नाही. तरी मार्क मिळणार नाहीत.

## आधी हे बघा, विश्लेषण गळतं काहून

या पोराला मी विचारलं, घरं दगड-मातीची होती, बरं, मग? तो लगेच बोलला, "सर, माळवद लई जड असतंय ना. आमच्या आजीच्या घरावर दरसाली पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे, गळू नये म्हणून. तेवढं वजन आणि खाली नुसत्या मातीत रचलेले दगड, हललं की सगळं आतच येणार की."

हेच विश्लेषण आहे! आणि ते त्याला येत होतं, बोलता येत होतं, फक्त कागदावर आलं नव्हतं. मी विचारलं, हे लिहिलं काहून नाहीस? तर म्हणला, "ते तर सगळ्यांनाच माहितीये सर."

पहिलं कारण हे. पुरावा आणि विधान यांच्या मधली पायरी लिहिणाऱ्याच्या डोक्यात इतकी पक्की असते की तिला तो पायरी मानतच नाही. ज्यानं माळवदाचं घर पाहिलंय त्याला "दगड-मातीची घरं" एवढ्या शब्दांत अख्खी पडझड दिसते. तपासणारा मात्र कागदावर आहे तेवढंच वाचतो, आणि त्याला जरी सगळं माहिती असलं तरी मार्क त्याच्या माहितीला नाहीत, तुमच्या मांडणीला आहेत.

दुसरं कारण नोट्समध्ये आहे. आपल्या नोट्स म्हणजे तारखा, आकडे, कलमं, योजनांची नावं. त्यात "यातून काय निघतं" यासाठी जागाच नसते, मग पेपरात ते कुठून येणार.

तिसरं कारण सगळ्यात खोल आहे आणि ते परिच्छेदाच्या तिसऱ्या भागात नाही तर पहिल्या वाक्यात आहे. वरच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य परत वाचा. ती माहिती आहे. तिच्यावर कोणी वाद घालू शकत नाही, त्यामुळं सिद्ध करायला काही उरत नाही, आणि सिद्ध करायलाच काही नसेल तर विश्लेषण कशाचं करणार? म्हणून विश्लेषण जमत नाही असं वाटत असेल तर आधी विधान तपासा.

## पायरी १: पेन उचलायच्या आधी, पान दुमडा

कच्च्या पानाला मधोमध घडी घाला. डावीकडं पुरावा लिहा, एका ओळीत एक. उजवीकडं त्याच ओळीत "मग काय?" याचं उत्तर. किल्लारीचं असं होईल:

डावीकडं: पहाटे ३:५६. उजवीकडं: लोक घरात झोपलेले, बाहेर पडायला सवड नाही.
डावीकडं: मातीत रचलेल्या दगडी भिंती. उजवीकडं: दगड एकमेकाला धरून नाहीत, हादरा बसला की सुटतात.
डावीकडं: माळवदावर मातीचा जाड थर. उजवीकडं: वजन जास्त म्हणून हादऱ्याचा जोरही जास्त, आणि पडलं की माणूस मातीखाली.
डावीकडं: क्षमता ६.२. उजवीकडं: ?

हे शेवटचं प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलंय. ६.२ या आकड्यापुढं काय लिहायचं हे सुचत नसेल तर तो आकडा अजून तुमचा पुरावा झालेला नाही, नुसती माहिती आहे. असा आकडा परिच्छेदात टाकायचा मोह होतोच, कारण पाठ केलेला असतो. एकतर उजवी बाजू भरा नाहीतर तो गाळा.

तपासा: उजवीकडं "महत्त्वाचे आहे", "गंभीर आहे", "चिंताजनक आहे" असलं काही लिहिलंय का? ती उजवी बाजू रिकामीच समजा.

## पायरी २: विधान, ज्याला कोणी "नाही" म्हणू शकेल असं

आता उजवी बाजू वाचा आणि सगळ्या ओळी मिळून कुठं बोट दाखवायल्यात ते बघा. विधान डावीकडून काढू नका, उजवीकडून काढा. पोरं नेमकं उलटं करतात.

किल्लारीत उजवीकडच्या बहुतेक ओळी घराकडं बोट दाखवतात. मग विधान होतं: किल्लारीच्या भूकंपातली मोठी जीवितहानी भूकंपाच्या क्षमतेपेक्षा तिथल्या घरांच्या बांधणीमुळे झाली.

यावर समोरचा म्हणू शकतो की नाही, वेळ पहाटेची होती म्हणून माणसं गेली. म्हणू दे, तसं म्हणता येतंय म्हणूनच ते विधान आहे. "क्षमतेपेक्षा" हा एक शब्द वाक्यात आला आणि बाजू ठरली.

आणखी एक पटकन बघा. "२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं" ही माहिती. "लातूरची २०१६ ची टंचाई फक्त पाऊस न पडल्यामुळं नव्हती, शहर एकट्या मांजरा धरणावर विसंबून होतं म्हणून ती एवढी वाढली" हे विधान. पहिल्यानंतर काय लिहावं ते सुचत नाही, दुसऱ्यानंतर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सावध: एका विधानात दोन कारणं कोंबू नका. "घरांच्या बांधणीमुळे व मदत उशिरा पोहोचल्यामुळे" असं लिहिलं की दोन्हींचा पुरावा द्यावा लागतो आणि विश्लेषणाची जागा पुरावाच खातो. मदतीचा मुद्दा असेल तर त्याला वेगळा परिच्छेद.

## पायरी ३: पुरावा, कमी आणि नेमका

एका परिच्छेदाला दोन पुरावे पुष्कळ झाले. पाच टाकले की यादी होते, आणि यादी लिहून झाली की हाताला आपोआप वाटतं परिच्छेद संपला. विश्लेषण गळायचं हे अगदी साधं, हाताच्या सवयीचं कारण आहे.

पुरावा विधानाच्या कामाचा तेवढाच भाग उचलून द्या. किल्लारीत तारीख-वेळ एकदा, आणि घराचं वर्णन. पण "घरे दगड-मातीची होती" इतकं ढोबळ नको, कारण त्या शब्दांत विश्लेषणाला धरायला काही नाही. तेच "जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी वासे-फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर" असं लिहिलं की पुढच्या वाक्याला माती, वजन, भिंत असे तीन हात मिळतात. पुरावा जेवढा बारीक तेवढं विश्लेषण सोपं.

तपासा: पुराव्यातली प्रत्येक गोष्ट पुढं विश्लेषणात परत येते का? जी येत नाही ती काढा. नमुन्यातली लातूर-उस्मानाबाद ही जिल्ह्यांची नावं पुढं कुठंच येत नाहीत, म्हणून या परिच्छेदात त्यांची गरज नाही, ती प्रस्तावनेत शोभतील.

## पायरी ४: विश्लेषण, इथं थांबा आणि वेळ द्या

मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला लावतो आणि तो कागदाच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवा म्हणतो: माझा पुरावा पूर्ण खरा असूनही माझं विधान खोटं असू शकतं का?

उत्तर जवळजवळ नेहमी "हो, असू शकतं" असंच येतं. ते कसं खोटं ठरू शकतं हे शोधायचं आणि ती फट बुजवायची, त्यासाठी जी वाक्यं लिहावी लागतात तेच विश्लेषण.

करून बघू. पुरावा: घरं दगड-मातीची, छत जड. विधान: माणसं बांधणीमुळं गेली. फट कुठं आहे?

पहिली फट: जड घर वाईटच असतं असं कुठं आहे? जाड भिंतीचं घर तर मजबूत वाटतं, उन्हाळ्यात गार राहतं, आपल्या बापजाद्यांनी काय उगाच बांधलं नव्हतं. म्हणून इथं "कसं" ते सांगावं लागतं. हादऱ्यात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एरवी जे वजन आधार वाटतं तेच हादऱ्यात उलटतं. हा जोर पेलायचा भिंतीनं, आणि भिंतीतले दगड धरलेले मातीनं. अशा भिंतीला बहुतेक वेळा आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर असतात, मधी खडी-माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार धरणारे लांब दगड नसतील तर हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून ढासळते. आता पुराव्यापासून विधानापर्यंत रस्ता तयार झाला. वाचणाऱ्याला कुठंही उडी मारावी लागत नाही.

दुसरी फट: कारण दुसरंच असलं तर? पहाटेची वेळ. हे टाळू नका, उलट आपणच काढा. वेळेमुळं माणसं घरात होती हे खरं, पण घरात असणं आणि घराखाली सापडणं यात फरक आहे. वेळेनं ठरवलं माणूस कुठं असेल, बांधणीनं ठरवलं त्याचं काय होईल. दुसरं कारण खोडून काढायची गरज नसते, त्याची जागा दाखवून दिली तरी पुरतं.

तिसरी फट तुलनेत असते आणि इथं हुशार पोरं फसतात. एका पोरीनं कोयनेचा दाखला दिला होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही सहाच्या वरचा, तोही पहाटेच, आणि मृत्यू मात्र दोनशेच्या आतबाहेर. किल्लारीत सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास. तिनं लिहिलं, "यावरून किल्लारीत घरेच कारणीभूत होती हे सिद्ध होते." वाचायला दमदार, पण प्रश्न लावा. पुरावा खरा असूनही विधान खोटं असू शकतं का? हो. कोयनेचा भाग डोंगराळ, वस्ती विरळ, आणि तिथलीही पुष्कळ घरं पडली होतीच. म्हणजे ही तुलना एवढंच सांगते की क्षमता आणि पहाटेची वेळ या दोन गोष्टींवरून मृत्यूंचा आकडा ठरत नाही. घरांवर बोट ठेवायला ती एकटी पुरत नाही. त्यासाठी एकाच भागातल्या वेगवेगळ्या घरांची तुलना पाहिजे, आणि ती आहे: दगड-मातीची घरं ढासळली तिथंच हलकी झोपडीवजा घरं आणि सिमेंटमधली बांधकामं तुलनेनं टिकली. तोच भाग, तीच वेळ, तोच हादरा, बदललं फक्त बांधकाम.

तिला मी कोयना काढून टाक म्हणलं नाही. "यावरून एवढं दिसतं की..." असं लिही म्हणलं. पुरावा किती सांगतो आणि कुठं थांबतो हे लिहिणं हासुद्धा विश्लेषणाचाच भाग आहे, आणि मला तर तो सगळ्यात किमती वाटतो, कारण तो पाठ करून येत नाही.

तिन्ही फटी प्रत्येक परिच्छेदात बुजवायला जागा नसते. पहिली, म्हणजे "कसं" हे सांगणारी, कधीच सोडू नका. दुसरी-तिसरीतली जी मोठी वाटेल ती घ्या.

सावध, ही वाक्यं विश्लेषणासारखी दिसतात पण नसतात: "यावरून स्पष्ट होते की..." म्हणून पुरावाच दुसऱ्या शब्दांत लिहिणं. "म्हणजेच घरे कमकुवत होती" हे पण तेच, पुराव्याला फक्त दुसरा सदरा घातला. आणि "शासनाने याकडे लक्ष देणे गरजेचे आहे" हा सल्ला आहे, तो उपाययोजनेच्या परिच्छेदात जाऊ द्या.

तपासा, उचलून ठेवा चाचणी: तुमचं विश्लेषणाचं वाक्य उचला आणि दुसऱ्याच विषयाखाली ठेवा, समजा सांगलीच्या पुराखाली. "यावरून घरबांधणीचे महत्त्व लक्षात येते" हे वाक्य तिथंही आरामात बसतं, म्हणजे ते किल्लारीबद्दल काहीच सांगत नव्हतं. "माळवदाच्या वजनामुळे भिंतींवरचा जोर वाढला" हे तिथं बसत नाही. जे दुसरीकडं बसत नाही ते ठेवा.

## पायरी ५: जोड

बरेच जण इथं "आता पुढील मुद्दा पाहू" लिहून मोकळे होतात. ती जोड नाही, नुसती घंटा वाजवली. जोड म्हणजे या परिच्छेदातून उरलेला प्रश्न. विश्लेषण नीट झालं असेल तर प्रश्न आपोआप उरतो, आणि विश्लेषण नसेल तर जोड कितीही घोटा, सुचत नाही. त्यामुळं जोड अडली की मी पोरांना एक पायरी मागं पाठवतो.

किल्लारीत उरलेला प्रश्न असा की एवढा धोका होता तर तो कोणाच्या लक्षात कसा आला नाही? याचं एक उत्तर नकाशात आहे. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये गेला. पुढचा परिच्छेद इथून उघडतो.

## पायरी ६: सगळं जोडून लिहा

"किल्लारीच्या भूकंपातील मोठी जीवितहानी भूकंपाच्या क्षमतेपेक्षा तेथील घरांच्या बांधणीमुळे झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला तेव्हा लोक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आणि मातीच्या माळवदाच्या घरांत झोपलेले होते. माळवदावर वर्षानुवर्षे पडत गेलेल्या मातीमुळे छत जड झाले होते, आणि धक्क्यात घरावर येणारा जोर त्याच्या वजनाबरोबर वाढतो. तो जोर पेलणाऱ्या भिंतींतील दगड मात्र केवळ मातीने धरलेले असल्याने सुटले आणि छत आतील माणसांवर आले. पहाटेच्या वेळेमुळे माणसे घरात होती हे खरे, पण घर पडेल की उभे राहील हे बांधणीने ठरवले. त्याच भागातील हलकी घरे आणि सिमेंटमधील बांधकामे तुलनेने टिकली. असे असूनही हा धोका आधी ओळखला गेला नाही, कारण त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता."

विधान एक वाक्य, पुरावा एक आणि थोडा नंतर, जोड एक, बाकी सगळं विश्लेषण. टिकलेल्या घरांचा पुरावा विश्लेषणाच्या मधीच आलाय हे बघा. चार भाग म्हणजे चार कप्पे नाहीत, गरज पडली तिथं पुरावा परत येऊ शकतो. ६.२ गाळला कारण त्याची उजवी बाजू भरली नव्हती. कोयना घेतला असता तर तो लागला असता.

## पायरी ७: दोन पेनांची तपासणी

लिहून झालं की लगेच नाही, तासाभरानं, दोन रंगांचे पेन घ्या. जे वाक्य पुस्तकातून जसंच्या तसं उतरवता आलं असतं त्याखाली निळी रेघ. जे फक्त तुमच्या विधानासाठी तुम्हाला लिहावं लागलं त्याखाली लाल. वर्णनात्मक परिच्छेदात, प्रस्तावनेत, "माहिती द्या" असल्या प्रश्नात निळं जास्त असलं तर चालतं. पण प्रश्नात "विश्लेषण करा", "चर्चा करा", "मूल्यमापन करा" यातलं काही असेल आणि परिच्छेदात लाल एकही नसेल तर नवीन माहिती शोधत बसू नका. त्या उत्तराचं कच्चं पान काढा आणि उजवी बाजू भरा, आणि तीही भरत नसेल तर शेजारी बसलेल्याला तो मुद्दा तोंडी समजावून सांगा. तो जिथं "मंग?" म्हणेल तिथं तुम्ही जे बोलाल ते बोलल्याबरोबर लिहून घ्या.